संवादांमधील विराम आणि सचेतनपटाचे श्राव्यवर्णन

चित्रपट हा डोळ्यांनी पाहावयाचा विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः चित्रपटाचा बराच मोठा भाग कानांनी ग्रहण केला जातो. पात्रांचे बोलणे, पावलांचा आवाज, वाऱ्याची सळसळ, दार लागल्याचा धक्का आणि पार्श्वसंगीत यांवरून अंध श्रोत्यालाही कथेचा पुष्कळ अंश कळतो. परंतु जे केवळ दिसते आणि ज्याला आवाज नाही, ते मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक निवेदक दृश्याचे थोडक्या शब्दांत वर्णन करतो. या निवेदनाला श्राव्यवर्णन म्हणतात.

या पद्धतीचा शास्त्रशुद्ध विचार प्रथम अमेरिकेत झाला. ग्रेगरी फ्रेझियर यांनी १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे या विषयावर प्रबंध लिहिला. १९८१ मध्ये वॉशिंग्टन येथील अरीना स्टेज या नाट्यगृहात मार्गारेट व कोडी फॅनस्टील यांनी नाटकांचे वर्णन अंध प्रेक्षकांना ऐकविण्यास आरंभ केला. पुढे ही पद्धत दूरचित्रवाणी व चित्रपट यांतही रूढ झाली. भारतात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रालयाने २०२४ मध्ये चित्रपटगृहांतील प्रदर्शनासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत श्राव्यवर्णनाचा अंतर्भाव आहे.

वर्णन लिहिणे हे वरवर सोपे वाटणारे काम आहे. दिसते ते सांगावे, एवढेच त्यात आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण दिसते ते सारे सांगावयास वेळ कधीच पुरत नाही. तेव्हा काय सांगावे, काय गाळावे आणि सांगावयाचे ते नेमके कोठे बसवावे, हाच खरा प्रश्न आहे. हा प्रश्न एका प्रत्यक्ष उदाहरणावरून समजावून घेणे इष्ट होईल.

उदाहरणासाठी घेतलेला चित्रपट

'सिंटेल' हा सुमारे पंधरा मिनिटांचा सचेतनपट, म्हणजेच ॲनिमेशनपट, नेदरलँड्समधील ब्लेंडर फाउंडेशन या संस्थेने २०१० मध्ये तयार केला. त्याचे दिग्दर्शन कॉलिन लेव्ही यांनी केले. हा चित्रपट संस्थेने सर्वांना मुक्तपणे वापरण्यासाठी उपलब्ध करून दिला असल्याने अभ्यासास विशेष सोयीचा आहे.

कथा अशी आहे. सिंटेल नावाची एक तरुणी बर्फाळ प्रदेशात एकटी भटकत असते. तिच्यावर एक मनुष्य हल्ला करतो, आणि झटापटीत ती त्याला ठार मारते. नंतर एका वृद्धाच्या झोपडीत ती आपली हकिकत सांगते. पूर्वी तिला ड्रॅगनचे एक जखमी पिल्लू सापडले होते. ड्रॅगन म्हणजे पाश्चात्त्य कथांतील पंख असलेला, सरड्यासारखा प्रचंड प्राणी. तिने पिल्लाच्या पंखावर उपचार केले, त्याचे नाव स्केल्स ठेवले आणि दोघांची गट्टी जमली. पण ते उडू लागले तेव्हा एका मोठ्या ड्रॅगनाने त्याला पळवून नेले. त्याच्या शोधात ती निघाली आहे. अखेर तिला एक गुहा सापडते. तेथे एक मोठा ड्रॅगन असतो आणि एक पिल्लूही असते. मोठ्या ड्रॅगनाशी तिची झुंज होते. झुंजीत ड्रॅगन तिला मारण्याच्या बेतात असताना थबकतो, आणि ती त्याला ठार करते. मग मरणाऱ्या ड्रॅगनच्या पंखावरील व्रण तिला दिसतो. ज्याच्यासाठी एवढा शोध केला, तोच स्केल्स आपल्या हातून मारला गेला, हे तिला त्या व्रणावरून कळते. तिचे आपले वयही मध्यंतरी वाढले आहे, हेही त्याच वेळी उघड होते. शोधात वर्षेच्या वर्षे निघून गेली होती.

साऱ्या कथेचा अर्थ एका व्रणावर टेकलेला आहे, आणि व्रणाला आवाज नसतो. झोपडीतील संभाषणात किंवा पुढे कोठेही त्याचा उल्लेख कोणी करीत नाही. चित्रपटाच्या शेवटच्या भागात सिंटेलच्या तोंडून जे शब्द येतात, ते म्हणजे केवळ स्केल्स हे नाव. वर्णन नसेल तर अंध श्रोत्याला एक झुंज, एक आर्त हाक आणि संगीत ऐकू येते. तिने कोणाला मारले आणि ती का कळवळली, हे त्याला कळत नाही. वर्णन असूनही ते चुकीच्या जागी किंवा चुकीच्या शब्दांत केलेले असेल, तर परिणाम तोच होतो.

कानाने कळणारे आणि न कळणारे

वर्णनकाराचे पहिले काम म्हणजे पडदा झाकून चित्रपट ऐकणे. ऐकताना जे आपोआप कळते, ते एका बाजूस लिहावे. जेथे 'हे काय चालले आहे?' असा प्रश्न पडतो, ती जागा दुसऱ्या बाजूस लिहावी. हे काम चित्र पाहण्यापूर्वी केलेले बरे, कारण एकदा चित्र पाहिले की आवाजावरून सारे कळते असा भ्रम होतो.

सचेतनपटाच्या बाबतीत या पायरीला विशेष महत्त्व आहे. नटांच्या चित्रपटात चित्रणाच्या वेळचे आवाज काही प्रमाणात आपोआप टिपले जातात. सचेतनपटात मात्र प्रत्येक आवाज मुद्दाम घातलेला असतो. वारा, पाऊल, पंखांची फडफड यांपैकी जे ऐकू येते, ते कोणीतरी विचारपूर्वक बसविलेले असते. म्हणून ऐकू येणाऱ्या आवाजाचे पुन्हा वर्णन करण्यात वेळ दवडू नये. वारा घोंघावत असेल तर 'वारा सुटला आहे' हे सांगणे व्यर्थ होय. उलट, सचेतनपटात असे प्राणी व अशा घटना असतात की ज्यांचा आवाज श्रोत्याने आयुष्यात कधी ऐकलेला नसतो. ड्रॅगनच्या पिल्लाचा चीत्कार ऐकून तो पक्ष्याचा, कुत्र्याच्या पिल्लाचा की आणखी कशाचा, हे सांगता येत नाही. अशा अनोळखी आवाजाचा धनी कोण, हे पहिल्याच वेळी सांगितले पाहिजे. एकदा सांगितले की पुढे तो आवाज स्वतःच आपली ओळख देतो, आणि तेवढे शब्द वाचतात.

विरामांचे मोजमाप

दुसरे काम मोकळ्या जागा मोजण्याचे. या चित्रपटाबरोबर दिलेल्या इंग्रजी उपशीर्षकांत प्रत्येक वाक्याची आरंभाची व शेवटची वेळ नोंदलेली आहे. तिचा या कामी चांगला उपयोग होतो. मराठी आवाजात आवृत्ती केली तरी पात्रांच्या ओठांची हालचाल सांभाळावी लागत असल्याने या वेळांत फारसा फरक पडत नाही.

झोपडीतील संभाषण सुमारे १ मिनिट ४७ सेकंदांनी सुरू होते आणि २ मिनिटे ३६ सेकंदांच्या सुमारास संपते. या एकूण ४८ ते ४९ सेकंदांत दोघांची मिळून बारा वाक्ये किंवा उद्गार आहेत आणि त्यांच्यामध्ये अकरा विराम पडतात. त्यांपैकी बहुतेक सव्वा सेकंदाच्या आतबाहेरचे, काही तर अर्ध्या सेकंदाहूनही लहान आहेत. दोन सेकंदांहून मोठे असे विराम फक्त दोन. एक १ मिनिट ५५.८ सेकंदांपासून २.२ सेकंदांचा, आणि दुसरा २ मिनिटे २५ सेकंदांपासून सुमारे ३.८ सेकंदांचा. याउलट हे संभाषण संपल्यानंतर ३ मिनिटे २७ सेकंदांपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५१ सेकंद, कोणीच बोलत नाही. पिल्लू सापडल्याची पूर्वकथा याच अवधीत पडद्यावर येते.

आता एवढ्या जागेत किती शब्द मावतात, हे ठरविले पाहिजे. इंग्रजीत शब्दांची संख्या मोजण्याची चाल आहे. मराठीत ती फसवी ठरते, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जातात. 'पंखावरची' हा एक शब्द असला तरी त्याला 'तो' या शब्दाच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून मराठीत लिहिलेली अक्षरे मोजावी. जोडाक्षर एकच धरावे. संथ व स्पष्ट वाचनात सेकंदाला सुमारे सहा अक्षरे हे कामापुरते प्रमाण धरता येते. प्रत्येक निवेदकाची गती थोडी वेगळी असते. यासाठी त्याने घड्याळ लावून स्वतःचे प्रमाण काढावे.

विराम सगळाच्या सगळा वापरता येत नाही. संवाद संपताच वर्णन सुरू झाले तर दोन आवाज एकमेकांत अडकतात, आणि वर्णन पुढच्या संवादाला भिडले तर त्याचे पहिले अक्षर हरवते. दोन्ही टोकांना मिळून पाऊण सेकंदाच्या आसपास मोकळा ठेवावा. मग २.२ सेकंदांच्या विरामात खरी जागा उरते दीड सेकंदाची, म्हणजे नऊ अक्षरांची. सव्वा सेकंदाच्या विरामात काहीच मावत नाही, असे समजून चालावे.

या हिशोबावरून एक गोष्ट लगेच स्पष्ट होते. झोपडीतील दृश्याचे वर्णन संभाषणाच्या मध्ये करता येणार नाही. ते संभाषणाच्या आधीच उरकले पाहिजे. आणि येथे एक अडचणही आहे. वृद्धाचे पहिलेच वाक्य 'हे पाते' अशा शब्दांनी सुरू होते. 'हे' म्हणजे कोणते, ते डोळस प्रेक्षकाला दिसते. ज्या ज्या संवादात 'हे', 'ते', 'तिकडे', 'असा' यांसारखी दर्शक पदे येतात, तेथे वर्णनाची गरज हमखास असते. म्हणून वृद्ध बोलण्यापूर्वी असे सांगता येईल:

'झोपडी. सिंटेलसमोर एक म्हातारा. त्याच्यापुढे शस्त्राचे पाते.'

ही २३ अक्षरे आहेत. त्यांना सुमारे चार सेकंद लागतात. म्हणजे १ मिनिट ४२ सेकंदांच्या सुमारास आरंभ केला तर पहिल्या संवादापूर्वी थोडा श्वास घ्यायला अवकाश राहतो.

येथे सिंटेलचे नाव वापरले आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. संवादांत तिचे नाव प्रथम सातव्या मिनिटानंतर, वृद्धाच्या तोंडी येते. पात्राची ओळख चित्रपटाने जेथे करून दिली, त्यापूर्वी नाव सांगू नये, असा एक संकेत आहे. कारण कधीकधी नाव लपविणे हेच कथेचे मर्म असते. येथे तसे काही नाही. चित्रपटाचे नावच सिंटेल आहे आणि प्रमुख स्त्रीपात्र एकच आहे. सतत 'तरुणी' म्हणण्यापेक्षा नाव घेतल्याने ऐकणाऱ्याचा गोंधळ टळतो.

रिकामा ठेवावयाचा विराम

झोपडीतील सर्वांत मोठा विराम ३.८ सेकंदांचा आहे. त्यात अठरा अक्षरे सहज बसतात. नवशिका वर्णनकार ही जागा पाहून तेथे वृद्धाची दाढी, झोपडीची रचना किंवा सिंटेलचा वेश यांपैकी काहीतरी भरतो. ही चूक होय. कोणाला शोधतेस, या प्रश्नावर सिंटेलने नुकतेच 'ड्रॅगन' असे उत्तर दिले आहे. त्यानंतरची शांतता ही वृद्धाच्या विस्मयाची आहे. डोळस प्रेक्षकही त्या वेळी नवे काही पाहत नसतो. तो त्या उत्तराचे वजन जोखत असतो. अंध श्रोत्यालाही तेवढीच उसंत मिळाली पाहिजे. जागा आहे म्हणून बोलावे असे नव्हे. न बोलल्याने श्रोत्याचे काही नुकसान होणार असेल तरच बोलावे.

एका वाक्याची घडण

आता पूर्वकथेकडे वळावे. ३ मिनिटे २७ सेकंदांनी सिंटेल कोणालातरी 'झालेच आता' आणि 'हलू नकोस' अशा अर्थाचे काही बोलते. ती कोणाशी बोलते आणि काय करीत आहे, हे त्यापूर्वी कळले नाही तर हे बोलणे निरर्थक वाटते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, सात मिनिटांनंतर येणाऱ्या व्रणाचे बीज याच ठिकाणी पेरावयाचे आहे.

पहिला खर्डा बहुधा असा होतो:

'तरुण मुलगी आपल्या घरात आणलेल्या छोट्याशा ड्रॅगनच्या जखमी पंखावर अतिशय प्रेमाने आणि काळजीपूर्वक पट्टी बांधत असलेली दिसते.'

यात ५७ अक्षरे आहेत. म्हणजे साडेनऊ सेकंद. मौनाचे ५१ सेकंद हाताशी असताना हे परवडेल असे वाटते. परंतु त्याच अवधीत पिल्लू कसे सापडले हेही सांगावयाचे आहे, आणि संगीतालाही वाव द्यावयाचा आहे. शिवाय लांब वाक्यात महत्त्वाचा शब्द बुडून जातो, ही मोठी हानी आहे.

प्रथम 'दिसते' काढावे. वर्णनातील सर्वच गोष्टी दिसणाऱ्या असतात. ते पुन्हा सांगण्याचे कारण नाही. नंतर 'अतिशय प्रेमाने आणि काळजीपूर्वक' हे शब्द काढावेत. तिचा प्रेमळपणा तिच्या आवाजात ऐकू येणार आहे. निवेदकाने आधी निर्णय देण्याची गरज नाही. मग उरते ते असे:

'मुलगी छोट्या ड्रॅगनच्या जखमी पंखावर पट्टी बांधते.'

ही २१ अक्षरे झाली. वाक्य आटोपशीर आहे. तरीही एक दोष शिल्लक आहे. येथे जोर पट्टीवर पडतो, आणि पट्टी तर पुढे निघून जाणार आहे. श्रोत्याच्या मनात राहावयास हवी ती जखम. ती 'जखमी' या विशेषणात लपून गेली आहे. म्हणून तिला नाम करून पुढे आणावे:

'ती पिल्लाच्या पंखावरची खोल जखम बांधते.'

अक्षरे सतरा, वेळ तीन सेकंदांहून किंचित कमी. 'खोल' हे एकच विशेषण ठेवले आहे, कारण व्रण मागे ठेवणारी जखम खोलच असते. हे वाक्य ३ मिनिटे २३ सेकंदांनी सुरू केले तर ते २६ सेकंदांच्या सुमारास संपते आणि पाठोपाठ सिंटेलचा आवाज येतो. चित्रापेक्षा वर्णन एखाद-दुसरा सेकंद पुढे असले तरी हरकत नसते. ते मागे राहिले तर मात्र संवादाचा अर्थ लागत नाही.

मराठी वाक्यरचनेचे काही फायदे

वर्णन वर्तमानकाळात करतात, कारण घटना श्रोत्याच्या समोर घडत असते. मराठीत या वर्तमानकाळाचा एक फायदा आहे. एकवचनात कर्ता पुल्लिंगी आहे की नाही, हे क्रियापदावरूनच कळते. झुंजीच्या वेळी 'ड्रॅगन झेपावतो, सिंटेल खाली वाकते' असे म्हणण्याऐवजी 'झेपावतो. वाकते.' एवढ्यानेच कोण काय करते ते स्पष्ट होते. द्रुत गतीच्या दृश्यात ही बचत मोलाची ठरते.

याच लिंगव्यवस्थेमुळे या कथेत आणखी एक सोय होते. लहान स्केल्सला 'पिल्लू' म्हटले की त्याचे सर्वनाम 'ते' होते. गुहेतील मोठा प्राणी 'ड्रॅगन' असल्याने तो 'तो' होतो. दोन निरनिराळी सर्वनामे ऐकल्यामुळे हे दोन निरनिराळे प्राणी आहेत, अशी श्रोत्याची समजूत कायम राहते. डोळस प्रेक्षकाचीही त्या क्षणी हीच समजूत असते. श्रोत्याला अधिकही सांगावयाचे नाही आणि कमीही नाही, हे तत्त्व येथे आपोआप पाळले जाते.

शेवटचे दृश्य

गुहेतील दृश्यात वर्णनकाराची कसोटी लागते. तेथे दिसणाऱ्या पिल्लाला 'स्केल्स' म्हणू नये. 'ड्रॅगनचे एक पिल्लू' म्हणावे. ते स्केल्स असावे अशी समजूत सिंटेलने व श्रोत्याने आपापली करून घ्यावयाची असते. निवेदकाने तसे म्हटले तर तो खोटे बोलल्यासारखे होते, आणि पुढे श्रोत्याचा त्याच्यावरील विश्वास उडतो.

मोठा ड्रॅगन तिला मारता मारता थांबतो, हे सांगणे अत्यावश्यक आहे. त्याने तिला ओळखले आहे. पण 'ड्रॅगन तिला ओळखतो' असे म्हणणे म्हणजे रहस्य वेळेपूर्वी फोडणे होय. 'ड्रॅगन थबकतो' एवढेच म्हणावे. सात अक्षरांचे, सव्वा सेकंदाचे हे वाक्य श्रोत्याच्या मनात एक प्रश्न निर्माण करून ठेवते. त्याचे उत्तर पुढे मिळते.

ड्रॅगन कोसळल्यानंतर सांगावे:

'पंखावर जुन्या जखमेचा व्रण.'

बारा अक्षरे, दोन सेकंद. यातील 'पंखावर' आणि 'जखम' हे दोन शब्द तेच आहेत, जे सात मिनिटांपूर्वी वापरले होते. येथे 'पाखावर वण' किंवा 'जुनी खूण' असे निराळे शब्द योजले असते तर डोळ्यांना जो दुवा आपोआप दिसतो तो कानांना मिळाला नसता. शाळेतील निबंधात त्याच त्या शब्दाची पुनरुक्ती दोष मानली जाते. श्राव्यवर्णनात ती दुवा जोडण्याचे काम करते. यानंतर निवेदकाने काही काळ गप्प राहावे. 'तो स्केल्सच होता' हे निवेदकाने म्हणू नये. नाव घेण्याचे काम सिंटेलचे आहे. नंतर योग्य जागी 'तिचाही चेहरा आता तरुण नाही' असे सांगितले की गेलेल्या वर्षांचा उलगडा होतो. 'ती दुःखाने कोसळून जाते' यासारखे वाक्य मात्र टाळावे. तिचे दुःख तिच्या आवाजात आणि संगीतात आहे. श्रोत्याला ते ऐकू येते.

दोष कसा ओळखावा

लिहिलेले वर्णन प्रथम चित्रपटाबरोबर मोठ्याने वाचून पाहावे. वाचताना धाप लागली किंवा गती वाढवावी लागली तर शब्द जास्त झाले आहेत. गती वाढविणे हा उपाय नव्हे. शब्द कापणे हाच उपाय. ध्वनिमुद्रण करताना निवेदनापुरता चित्रपटाचा आवाज थोडा खाली आणतात. परंतु कथेतील महत्त्वाचा आवाज, उदाहरणार्थ पिल्लाचा पहिला चीत्कार, निवेदनाखाली दबता कामा नये. तसे होत असेल तर वाक्य पुढे किंवा मागे सरकवावे.

खरी परीक्षा मात्र अंध श्रोत्याकडूनच होते. चित्रपट संपल्यावर 'वर्णन आवडले का?' असे विचारून फारसे काही कळत नाही. त्याला कथा सांगावयास लावावी. सिंटेलला सत्य कशावरून कळले, हा प्रश्न विचारावा. श्रोत्याला उत्तर देता आले नाही, तर जखमेचे वाक्य नीट पेरले गेले नाही. आपल्याला ते सिंटेलच्याही आधी कळले होते, असे तो म्हणाला, तर वर्णनाने रहस्य फोडले. तिच्याबरोबरच कळले, असे उत्तर आले तर वर्णन साधले.

या पद्धतीच्या मर्यादा

काही चित्रपटांत संवाद इतके दाट असतात की आवश्यक तेवढीही जागा सापडत नाही. अशा वेळी दोन मार्ग आहेत. पहिला, चित्रपटापूर्वी पात्रे, त्यांचे वेश व स्थळे यांची माहिती देणारे लहानसे प्रास्ताविक ऐकविणे. दुसरा, संगणकावर पाहताना चित्र क्षणभर थांबवून वर्णन पूर्ण करणे व मग चित्र पुढे नेणे. यास विस्तारित वर्णन म्हणतात. पाठ्यविषयक चित्रफितींना हा दुसरा मार्ग सोयीचा आहे. पण चित्रपटगृहात एकत्र बसलेल्या प्रेक्षकांना तो उपयोगी नाही, आणि कथेच्या गतीलाही तो बाधक होतो.

जन्मांध श्रोता आणि नंतर दृष्टी गेलेला किंवा अल्पदृष्टी श्रोता यांच्या गरजाही अगदी सारख्या नसतात. ज्याने पूर्वी पाहिलेले आहे त्याला रंगांच्या उल्लेखाने चित्र उभे करता येते. अल्पदृष्टी श्रोत्याला आकृती व हालचाल अंधुक दिसते. त्याला बारीक तपशील हवा असतो. पंखावरील व्रण हा तसाच तपशील आहे. सर्वांना उपयोगी पडेल अशी निवड करावयाची तर कथेला ज्यावाचून चालत नाही तेच प्रथम घ्यावे आणि उरलेल्या जागेत बाकीचे बसवावे.

वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

हा अभ्यास शाळेत सहज करता येतो. कोणत्याही लहान सचेतनपटाचा दोन मिनिटांचा भाग निवडावा. अर्ध्या विद्यार्थ्यांनी पडद्याकडे पाठ करून तो केवळ ऐकावा आणि न कळलेल्या जागा लिहाव्यात. उरलेल्यांनी सेकंदकाटा असलेल्या घड्याळाने संवादांमधील विराम मोजावेत. मग दोन्ही याद्या एकमेकींशेजारी ठेवून तीनच वाक्ये लिहावीत. प्रत्येक वाक्याची अक्षरे मोजून सहाने भागावी, म्हणजे लागणारे सेकंद मिळतात. शेवटी ज्यांनी तो भाग पाहिला किंवा ऐकला नाही अशा दुसऱ्या वर्गातील विद्यार्थ्यांना पडदा झाकून, वर्णनासह तो ऐकवावा आणि त्यांच्याकडून कथा सांगवून घ्यावी. त्यांच्या कथेत ज्या ठिकाणी खंड पडेल, तेथे कोणते वाक्य चुकले अथवा राहिले, हे विद्यार्थ्यांना आपले आपणच शोधून काढता येते.